दोन महिने मुरवलेलं चीज कडू निघालं. चूक रेनेटची की माझी?

मंथन
काल चकती कापली आणि हिरमोड झाला. आधी केलं काय ते सांगतो.

गायीचं १० लिटर दूध, पाश्चराइज केलेलं पण होमोजिनाइज न केलेलं. ३१ अंशांवर आणलं, मेसोफिलिक विरजण घालून ४० मिनिटं झाकून ठेवलं. मग थोडं कॅल्शियम क्लोराइड आणि शेवटी २.५ मिली द्रव रेनेट, अर्धा कप पाण्यात मिसळून. कृती गौडाची. दूध असं झकास लागलं की काय सांगू! कृतीत ४५ मिनिटं थांबायला सांगितलं होतं, माझ्याकडे पंधराव्या मिनिटालाच सुरी उभी राहील इतकं घट्ट. तरी शहाण्यासारखा ४५ मिनिटं थांबलो. नंतर कापणं, तिसरा हिस्सा निवळी काढून त्या जागी गरम पाणी, हळूहळू ३७ अंश, साचा, वजनाखाली दाबणं, दुसऱ्या दिवशी मिठवणी, मेण. १२-१३ अंशांवर नऊ आठवडे. चकती भरली ९८० ग्रॅम.

पोत उत्तम. वास उत्तम. पहिला घास तोंडात घोळवेपर्यंत सगळं उत्तम. गिळला आणि दोन सेकंदांनी जिभेच्या मुळाशी कडू जार, न गिळता विरघळलेल्या औषधाच्या गोळीसारखं. पाण्यानेही जाईना.

मला कळत नाही ते असं: रेनेटचं काम दूध लागेपर्यंतच ना? ते पहिल्या तासातच आटोपलं. मग हा कडवटपणा दोन महिन्यांनी आला कुठून?

बुरशीबहाद्दर
मेण काढलं होतं ना खाण्याआधी? 😀

मंथन
काढलं हो बहाद्दर.

थेंबेथेंबे
वाचतेय. माझी पहिली चकती सध्या तीन आठवड्यांची आहे, आता पोटात गोळा आला.

रसायनरसिक
रेनेटवर उगाच संशय नको. रेनेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास भाग निवळीबरोबर निघून जातो. शिवाय तुम्ही निवळी काढून वर पाण्याने धुतलं आहे. कडूपणा म्हणजे नको ते जिवाणू शिरले. भांडी उकळत्या पाण्यातून काढली होती का? माझं मत स्वच्छतेवर.

मंथन
भांडी, साचा, कापड सगळं उकळलं होतं. आणि बिघडलेलं असतं तर वास, फुगवटा, भोकं असं काही दिसलं असतं ना? आत अगदी एकसंध आहे.

निवळशंख
मंथन, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी सांगा. रेनेटच्या बाटलीवर ताकद किती लिहिली आहे? मिठवणीत चकती किती तास होती? आणि कडू चव कडेच्या तुकड्याला जास्त आहे की मधल्या? दोन्हीकडचे तुकडे वेगवेगळे खाऊन बघा, मध्ये कोमट पाण्याने चूळ भरा.

काकू_नंबर_१
मी तर रेनेटच्या वाटेलाच जात नाही. दूध उकळायचं, लिंबू पिळायचं, कापडात बांधायचं, अर्ध्या तासात तयार. कधी कडू झालेलं नाही. कशाला हवीत ती एन्झाइमं? फक्त ते वितळत नाही एवढंच, कितीही तापवा, तुकडा तसाच्या तसा. का बरं?

निवळशंख
काकू, तुमचा प्रश्न निराळा, पण नेमका आहे. उकळलेल्या दुधात आंबट घातलं की प्रथिनं एकमेकांना कायमची चिकटतात आणि त्यांना धरून ठेवणारं कॅल्शियम सुटून निवळीत जातं. तापवलं की पाणी उडतं, पण प्रथिनं एकमेकांवरून सरकत नाहीत, म्हणून ते वितळत नाही. रेनेटच्या चीजमध्ये कॅल्शियम बरंचसं जागेवर राहतं आणि आंबटपणा हळूहळू वाढतो, म्हणून ते ताणलं जातं, वितळतं आणि महिनोन्‌महिने मुरवता येतं. तुमचं ताजं खायचं, यांचं वाट बघायचं.

काकू_नंबर_१
मग मी ताज्यातच सुखी.

मंथन
निवळशंख, बाटली शोधली. लेबलवर ४०० आयएमसीयू प्रति मिली असं आहे. मी हा आकडा कधी पाहिलाच नव्हता. मिठवणी १८ टक्क्यांची, चकती फक्त ३ तास ठेवली. आधीची एक रात्रभर ठेवली होती तर खारट ढोण झाली होती, म्हणून या वेळी घाबरून लवकर काढली. चव घेतली: मधला तुकडा स्पष्ट कडू, कडेचा कमी. बायकोला डोळे मिटून दिले, तिनेही तेच सांगितलं.

निवळशंख
मग बरंच काही हाती लागलं. जरा सविस्तर लिहितो, मी काही वर्षं एका चीजच्या कारखान्यात व्हॅटवर उभा राहिलो आहे.

आधी हिशोब. तुमच्या कृतीतलं २.५ मिली हे साध्या ताकदीच्या रेनेटसाठी असणार, म्हणजे साधारण २०० आयएमसीयूचं. १० लिटरला ५०० एकक, लिटरमागे ५०. तुम्ही घातलं ४०० चं, म्हणजे १००० एकक, लिटरमागे १००. बरोबर दुप्पट. १.२५ मिली पुरलं असतं. पंधराव्या मिनिटाला सुरी उभी राहिली याचा तुम्हाला आनंद झाला, तीच खरी धोक्याची घंटा होती.

आता तुमचा मूळ प्रश्न, रेनेटचं काम एका तासात संपत नाही का? नाही. ते दोनदा काम करतं.

पहिलं काम तुम्हाला दिसतं. दुधातलं केसीन बारीक बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं आणि प्रत्येक गोळ्याच्या अंगावर लव असते. त्या लवेमुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. ही लव म्हणजे कप्पा केसीनचं बाहेर आलेलं टोक. रेनेटमधलं कायमोसिन ती लव एका ठरलेल्या जागी, १०५ आणि १०६ क्रमांकांच्या अमिनो आम्लांच्या मध्ये, कापतं. न्हाव्यासारखं. बहुतेक सगळी लव उतरली की बोडके गोळे कॅल्शियमच्या मदतीने एकमेकांना धरतात आणि दूध लागतं. कापलेली लव निवळीत वाहून जाते.

रसायनरसिक म्हणतात ते इथवर खरं आहे, बरंचसं रेनेटही निवळीबरोबर जातं. पण जे थोडं चकतीत अडकतं ते मरत नाही. ३७ अंशांना त्याला काही होत नाही, १२ अंशांच्या कपाटात ते संथपणे, पण रोज काम करत राहतं. आता लव उरलेली नसते, मग ते गोळ्यांच्या आतल्या केसीनला हात घालतं. आधी अल्फा एस-वन केसीन कापलं जातं. ते हवंच आहे, रबरासारखी कोवळी चकती पहिल्या काही आठवड्यांत मऊ होते ती त्यामुळेच. पण पुढे बीटा केसीनचं शेपूट तुटतं, आणि ते शेपूट कडू असतं.

चांगल्या चीजमध्येही हे कडू तुकडे तयार होतात. फरक एवढाच की विरजणातले जिवाणू मरून फुटले की त्यांची एन्झाइमं ते तुकडे आणखी बारीक करून सुटी अमिनो आम्लं करतात. तिथे कडूपणा संपतो आणि ती खमंग, गोडसर चव येते. म्हणजे एकाने लाकडं फोडायची आणि दुसऱ्याने ढलप्या करायच्या. तुमच्याकडे फोडणारे दुप्पट झाले, ढलप्या करणारे तेवढेच राहिले.

थेंबेथेंबे
न्हावी आणि लाकूडतोड्या! हे आता डोक्यातून जाणार नाही. पण मग मीठ का विचारलंत?

निवळशंख
कारण बीटा केसीनचं ते शेपूट तोडायला मीठ आडवं येतं. चकतीतल्या ओलाव्यात मीठ ५ टक्क्यांच्या घरात असेल तर रेनेटचं तेवढं काम जवळजवळ थांबतं. अल्फाचं चालू राहतं. म्हणजे मीठ हा इथे पहारेकरी आहे, नुसती चव नव्हे.

मिठवणीतून मीठ कडेकडून आत सरकतं आणि हे सरकणं दिवसांचं नाही, आठवड्यांचं असतं. तीन तासांत तुमच्या चकतीने मीठ घेतलंच थोडं, आणि मधल्या भागाला पहिले काही आठवडे जवळजवळ काहीच मिळालं नाही. मध्य कडू आणि कड बरी, हे त्याच्याशी जुळतं. एक किलोच्या, हातभर नाही पण चांगल्या जाड चकतीला १८-२० टक्क्यांच्या मिठवणीत सात-आठ तास लागतात. रात्रभर जास्त, तीन तास कमी.

आणखी एक. फार घट्ट झाल्यावर कापलेल्या दुधातून निवळी नीट सुटत नाही. चकती ओली राहते, आणि तेवढंच मीठ जास्त पाण्यात वाटलं जातं.

दगडी_पाटा
मी थोडा वाद घालतो. मी स्वतः अंदाजाने, कधी कधी दीडपट रेनेट घालतो आणि माझ्या चकत्या कडू झालेल्या नाहीत. माझ्या मते खरा गुन्हेगार विरजण. लॅक्टोकोकसच्या काही जातीच अशा असतात की त्यांच्या चीजला कडूपणा येतो, काहींच्या येत नाही. मी एकदा विरजणाचं पाकीट बदललं, बाकी काही नाही, आणि कडूपणा गेला. मंथनने विरजण कुठल्या प्रकारचं, किती जुनं, हे सांगितलेलंच नाही.

निवळशंख
हे मान्य. जातीजातीत फरक असतो आणि तो मोठा असतो. तुमच्या विरजणाची ढलप्या करण्याची ताकद जास्त असेल तर दीडपट रेनेट पचून जातं.

मंथन
पाकीट उघडून आठ महिने झालेत, फ्रीझरमध्ये असतं. 🙈

दगडी_पाटा
घ्या!

रसायनरसिक
माझं स्वच्छतेचं मत मागे घेतो. पण एक शंका. मग परमेसान दोन-दोन वर्षं मुरवतात, त्यात रेनेट घालतातच की. ते कडूजहर व्हायला हवं.

निवळशंख
छान पकडलंत. परमेसान, एमेंटाल यांत कर्ड ५० अंशांच्या वर तापवतात, ५२-५५ पर्यंत. एवढ्या तापात कायमोसिन बहुतांशी निकामी होतं. तिथे मुरवण्याचं काम मुख्यतः दुधातच असलेलं प्लाझमिन नावाचं एन्झाइम करतं आणि उष्णता सोसणारे जिवाणू करतात. जुन्या परमेसानमध्ये दाताखाली कचकच लागणारे पांढरे कण असतात ना, ते टायरोसिनचे स्फटिक. ढलप्यांच्याही पुढे गेल्याची खूण.

थेंबेथेंबे
मग गौडाही ५२ अंशांवर नेला तर? रेनेटची कटकटच नको.

निवळशंख
मेसोफिलिक विरजण तिथे गारद होईल. आंबटपणा वाढणार नाही, निवळी सुटणार नाही. ती मग वेगळी कृती, वेगळं विरजण, वेगळं चीज.

चौकस
अवांतर विचारतो. मी शाकाहारी आहे. रेनेट वासराच्या पोटातून काढतात हे खरं का? आणि वनस्पतीचं रेनेट घेतलं तर असाच कडूपणा येतो का? कुठेतरी वाचलं होतं की शाकाहारी रेनेटच कडू असतं.

रसायनरसिक
पारंपरिक रेनेट दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात, हे खरं. पण आज बाजारातलं पुष्कळसं कायमोसिन बुरशीत किंवा यीस्टमध्ये तयार करतात. वासराचं जनुक त्यांच्यात घालतात, एन्झाइम तेच येतं, वासरू लागत नाही. अमेरिकेत १९९० मध्ये त्याला परवानगी मिळाली. हे कडू नसतं.

निवळशंख
+१. ‘शाकाहारी’ या एका शब्दात तीन वेगळ्या वस्तू येतात, गोंधळ तिथे आहे. एक रसायनरसिकांनी सांगितलेलं. दुसरं रायझोम्युकोर नावाच्या बुरशीचं स्वतःचं एन्झाइम. तिसरं खरोखर वनस्पतीचं, उदाहरणार्थ कार्डून या काटेरी झाडाच्या फुलांतलं, ज्यावर पोर्तुगालचं सेरा दा एस्त्रेला बनतं. कायमोसिन एका जागी नेमकं कापतं. बाकीची दोन दूध लावतात, पण इकडेतिकडेही जास्त कापतात. थोडे आठवडे मुरणाऱ्या मऊ चीजला ते चालतं, कार्डूनच्या चीजची ती हलकी कडसर चव तर लोकांना आवडते. वर्षभर मुरवायचं असेल तर मी ती दोन्ही टाळीन.

चौकस
म्हणजे लेबल वाचायचं. धन्यवाद.

बुरशीबहाद्दर
या धाग्याचं सार: आकडे लेबलवर असतात, आपण बाटलीच्या झाकणाने मोजतो.

थेंबेथेंबे
निवळशंखजी, मला अजून हे कळलं नाही की जास्त झालंय हे आधीच कसं ओळखायचं. बाटली जुनी असेल तर लेबलवरचा आकडाही खोटाच ना? मी बोट घालून बघते, बोटावर दूध स्वच्छ फाटलं आणि फटीत हिरवट निवळी दिसली की कापते.

निवळशंख
बोटाची परीक्षा चांगली आहे, पण ती कापायची वेळ सांगते, रेनेट जास्त की कमी हे नाही. त्यासाठी वाटी.

हलकी प्लास्टिकची छोटी वाटी, उकळत्या पाण्यातून काढलेली. रेनेट मिसळून दूध शांत झालं की घड्याळ लावा आणि वाटी दुधावर तरंगत सोडा. दर मिनिटाला बोटाने हलकेच गिरकी द्या. सुरुवातीला ती भिरभिरते. मग एक क्षण असा येतो की ती जड होते, आणि पुढच्या गिरकीला फिरतच नाही, ढोसलं तर परत येते. ती वेळ लिहा. ती १० ते १५ मिनिटांत यायला हवी. गौडासाठी तिला तीनने गुणा, रेनेट घातल्यापासून तेवढ्या वेळाने कापा. वाटी १२ व्या मिनिटाला थांबली तर ३६ व्या मिनिटाला कापायचं. पाचव्या-सहाव्या मिनिटालाच थांबली तर रेनेट जास्त. २० च्या पुढे गेली तर बाटली जुनी झाली आहे, किंवा पाण्यातल्या क्लोरिनने रेनेट मारलं आहे, किंवा दूध फार तापवलेलं आहे. रेनेट विरघळवायला क्लोरिन नसलेलंच पाणी घ्या.

काकू_नंबर_१
वाटीची ही गंमत मात्र मी करून बघणार. चीज नाही झालं तरी चालेल.

थेंबेथेंबे
दूध फार तापवलेलं म्हणजे? ते महिनोन्‌महिने टिकणारं डब्यातलं दूध चालेल का?

निवळशंख
यूएचटी? नाही. तेवढ्या तापात निवळीतली प्रथिनं त्या लवेला जाऊन चिकटतात. न्हाव्याचा वस्तरा पोचत नाही, आणि पोचला तरी गोळे नीट जुळत नाहीत. कॅल्शियम कितीही घाला, दह्यासारखा लिबलिबीत गाळ मिळेल.

मंथन
सगळ्यांचे आभार. कडू चकतीचा अर्धा भाग पुन्हा मेण लावून कपाटात ठेवला आहे. ढलप्या करणारे उशिरा का होईना कामावर येतात का ते बघू. नवी चकती रविवारी.

मंथन (सात आठवड्यांनी)
धागा वर काढतोय.

जुना अर्धा भाग आता सोळा आठवड्यांचा. कडूपणा कमी झालाय, गेलेला नाही. आधी दोन सेकंदांनी येऊन दहा मिनिटं राहायचा, आता येतो आणि जातो. वितळवून दुसऱ्या चीजमध्ये मिसळला तर कळत नाही.

नवी चकती: १.२५ मिली, वाटी १२ व्या मिनिटाला थांबली (ती गिरकी अडते तेव्हा खरंच मजा वाटते), ३६ ला कापलं, मिठवणीत ८ तास. विरजणाचं पाकीटही नवं. आज सहा आठवड्यांनी ट्रायरने नळीएवढा तुकडा काढून पाहिला आणि भोक त्याच तुकड्याच्या टोकाने बुजवून वर मेण लावलं. कडू अजिबात नाही. थोडं सपक, लोण्यासारखं. मध्यात आणि कडेला चव सारखी.

म्हणजे रेनेटच होतं!

दगडी_पाटा
थांबा थांबा. रेनेट निम्मं केलंत, मीठ वाढवलंत, विरजण नवं घेतलंत, कापायची वेळही बदललीत. चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीला? शिवाय पहिली नऊ आठवड्यांनी चाखली होती, ही सहाव्याच आठवड्यात.

निवळशंख
पाटा बरोबर बोलतोय. सहा आठवड्यांना कडू नाही म्हणजे दहाला होणार नाही असं नाही. मी अजूनही दुप्पट रेनेट आणि कमी मीठ या जोडीवर पैज लावीन, पण दोघांत मोठा वाटा कोणाचा हे या दोन चकत्यांवरून सांगता येत नाही. निम्मी चकती बारा आठवड्यांपर्यंत हात न लावता ठेवा.

दगडी_पाटा
आणि खरंच जाणून घ्यायचं असेल तर तिसरी करा. रेनेट पुन्हा २.५, बाकी सगळं दुसरीसारखं.

मंथन
मुद्दाम चुकीची चकती करू? घरचे मला घराबाहेर मुरवतील.

थेंबेथेंबे
करा हो. माझी दहा आठवड्यांची झाली, कडू नाही, पण वाटी वापरली नव्हती त्यामुळे का नाही ते माहीत नाही. 😅

मंथन (दुसऱ्या दिवशी)
केली. ५ लिटरचीच, म्हणजे रेनेट १.२५ मिली, लिटरमागे पुन्हा १००. नवं विरजण. वाटी सहाव्या मिनिटाला थांबली, १८ ला कापलं. लहान असल्यामुळे मिठवणीत ४ तास ठेवायचा विचार आहे, निवळशंख, बरोबर ना? चकती आत्ता साच्यात आहे, सकाळपर्यंत उत्तर द्या.

निवळशंख
उंची किती भरली ते आधी सांगा.